हातावरचा लाल चट्टा ऑनलाइन डॉक्टरांना कसा सांगायचा?

प्रश्न: डाव्या हातावर कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टा आलाय. ऑनलाइन डॉक्टरांना फोटो पाठवला आणि ‘लाल झालंय, त्रास होतोय’ असं लिहिलं. उत्तर आलं की फोटोवरून सांगता येत नाही, नीट वर्णन करा. आता काय आणि कसं लिहू? फोटोत दिसतंयच की सगळं!

उत्तर: मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग आता फोनवर आलेल्या फोटोंवरून चालतो. तुमचं शेवटचं वाक्य मला या ना त्या रूपात नेहमी ऐकायला मिळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. फोटोत सगळं दिसत नाही. चट्ट्याची जागा आणि आकार त्यात चांगला येतो. रंग अर्धामुर्धा येतो. हाताला काय लागतं आणि किती वेळात काय बदललं, या दोन गोष्टी मात्र फोटोत येऊच शकत नाहीत, आणि आमचं निदान बरंचसं त्यांच्यावरच उभं असतं. पेशंट समोर असला की आम्ही चट्ट्यावरून बोट फिरवतो, दाबून बघतो, ऊब तपासतो आणि मधूनमधून ‘कधीपासून?’ विचारत राहतो. ऑनलाइन तपासणीत ते बोट तुमचं असतं. त्यामुळे फोटोत दिसतंय तेच शब्दांत पुन्हा सांगण्यापेक्षा, फोटोत जे येत नाही ते लिहा.

आधी रंगाचं बघू, कारण लोक सगळ्यात जास्त त्याच्यावरच विसंबतात. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंगात आपल्या हिशेबाने दुरुस्ती करतो. पिवळ्या दिव्याखाली चांगली त्वचाही तांबूस दिसते. जवळून फ्लॅश मारला तर मधला भाग पांढराफटक होतो आणि नुसत्या कडा उरतात, मग भरीव चट्टाही गोल कड्यासारखा भासतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तर लाली बऱ्याचदा लाल दिसतच नाही. ती गडद तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते, आणि पेशंट लिहितात, ‘लाल नाहीये, नुसता डाग आहे.’ म्हणून ‘लाल’ या एका शब्दावर थांबू नका. भोवतालच्या त्वचेशी आणि दुसऱ्या हातावरच्या त्याच जागेशी तुलना करून लिहा: ‘भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद, जांभळट झाक, उजव्या हातावर त्या जागी असं काही नाही.’ एवढ्याने माझं काम होतं. फोटो दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न घेता आणि फ्लॅश बंद ठेवून काढा. हाताशेजारी कोरा पांढरा कागद ठेवलात तर आणखी चांगलं, कारण कागद फोटोत पिवळा दिसला की रंगात किती फरक पडलाय ते मला लगेच कळतं.

आता स्पर्शाचं. इथे जरा रेंगाळते, कारण खरी माहिती इथेच मिळते.

डोळे मिटा आणि चांगल्या त्वचेवरून बोट हळूहळू चट्ट्यावर न्या. कड लागते का? काहीच लागलं नाही तर चट्टा सपाट आहे. कड लागली तर तो उचललेला आहे. फक्त कड उचललेली आणि मधला भाग साधारण सपाट, असंही असतं. डोळे मिटायला मुद्दाम सांगतेय. उघड्या डोळ्यांनी लाल भाग उचललेलाच वाटतो.

मग पृष्ठभाग कसा लागतो ते बघा: गुळगुळीत, की खरखरीत? कोंडा सुटतो का, साल निघते का, पाणी झिरपतं का? हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्या विचाराचे पहिले दोन फाटे इथेच फुटतात. त्वचेचा अगदी वरचा थर बिघडला की कोंडा, खपली, भेगा किंवा झिरपणारं पाणी दिसतं. इसब, नायटा, सोरायसिस हे सगळे या बाजूचे. गडबड खालच्या थरात असेल तर वरची त्वचा शाबूत आणि गुळगुळीत राहते. पित्ताच्या गांधी तशाच असतात आणि त्वचेखाली पसरणारा जंतुसंसर्गही सुरुवातीला तसाच असतो. ‘गुळगुळीत आहे, कोंडा नाही’ एवढं एक वाक्य आलं की माझ्या मनातली निम्मी यादी खोडली जाते. अडचण एवढीच की मलम किंवा तेल लावलेलं असेल तर कोंडा दबतो. म्हणून बघण्याआधी आणि फोटो काढण्याआधी काही तास तिथे काही लावू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू असेल तर पुढची वेळ यायच्या आधी बघा.

तिसरी तपासणी दाबाची. काचेचा स्वच्छ, पारदर्शक पेला घ्या, त्याची बाजू चट्ट्यावर हलकेच पण नीट दाबा आणि काचेतून बघा. रंग दाबाखाली नाहीसा होतो आणि पेला उचलला की परत येतो, की काचेखालीही तसाच राहतो? नाहीसा होत असेल तर रक्त अजून रक्तवाहिन्यांतच आहे. वाहिन्या रुंदावल्यात म्हणून लाली दिसतेय, आणि दाबलं की रक्त बाजूला सरकतं. तसाच राहत असेल तर थोडं रक्त वाहिन्यांबाहेर त्वचेत उतरलंय. हे बारीक टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असू शकतात किंवा मोठे जांभळे डाग. इथे परिस्थितीप्रमाणे अर्थ पार बदलतो. वयस्कर माणसाच्या पातळ झालेल्या त्वचेवर, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, हाताच्या वरच्या बाजूला असे डाग सहज येतात आणि आपोआप जातात. ताप आलेल्या, मलूल पडलेल्या माणसाला, मग ते मूल असो की मोठा माणूस, न विरणारे ठिपके दिसले तर मात्र ऑनलाइन उत्तराची वाट न बघता सरळ इस्पितळ गाठायचं. फार गडद त्वचेवर ही तपासणी नीट वाचता येत नाही. तिथे ‘दाबून बघितलं, फरक कळला नाही’ असंच लिहा. अंदाजाने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू नका.

चौथी गोष्ट म्हणजे ऊब आणि त्रासाची जात. हाताची पालथी बाजू आधी दुसऱ्या हातावर आणि मग चट्ट्यावर ठेवा. गरम लागतंय का? ‘त्रास होतोय’ यातून मला काहीच कळत नाही. खाज, आग आणि दुखणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा. खाज असेल तर कधी वाढते ते लिहा. रात्री अंथरुणात वाढत असेल आणि घरातल्या आणखी कुणाला खाज सुटली असेल तर मी खरजेचा विचार करते, आणि मग मला मनगटाचा आणि बोटांच्या बेचक्यांचाही फोटो हवा असतो. दुखत असेल तर आपोआप दुखतं की हात लावल्यावर, ते लिहा. कीटक चावल्यावर मोठी सूज येऊन हात लाल आणि गरम होतो तेव्हा, आणि जंतुसंसर्ग पसरत असतो तेव्हा, फोटो जवळजवळ सारखाच दिसतो. पहिल्यात बहुधा खाज पुढे असते आणि एक-दोन दिवसांत जोर ओसरायला लागतो. दुसऱ्यात दुखणं पुढे असतं आणि ते वाढत जातं. हा फरक मला फोटोतून कळणार नाही, तुमच्या एका वाक्यातून कळेल.

आता वेळेचं. ‘कधीपासून’ याला ‘बऱ्याच दिवसांपासून’ हे उत्तर नको. पहिल्यांदा कधी लक्षात आलं, तेव्हा ते केवढं होतं आणि आज केवढं आहे, एवढं हवं. त्यातही एक प्रश्न लोक हमखास चुकवतात: तोच चट्टा टिकून आहे, की जुना जातो आणि नवा दुसरीकडे येतो? पित्ताच्या गांधींमध्ये एकेक गांध साधारण २४ तासांच्या आत मागे काही न ठेवता विरते, पण नव्या उठत राहतात म्हणून पेशंटला वाटतं की आठवडाभर तेच आहे. उपाय सोपा आहे. साध्या बॉलपेनने एका चट्ट्याच्या कडेने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. रेघेच्या आतली त्वचा स्वच्छ झाली असेल तर ती गांध होती. रंग तिथेच असेल तर दुसरं काही. गांधेसारखा दिसणारा पण दिवसापेक्षा जास्त टिकणारा, दुखणारा आणि मागे निळसर डाग ठेवणारा चट्टा असेल तर आम्ही वेगळ्या दिशेने तपासतो. जंतुसंसर्गाची शंका असेल तेव्हाही हीच रेघ कामाला येते. लाली काही तासांत रेघ ओलांडून पुढे गेली, तर ऑनलाइन थांबायचं नाही.

वेळेतच औषधांची गोष्ट येते. पोटात घेतलेल्या नव्या औषधाने उठणारं नेहमीचं पुरळ बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर ४ ते १४ दिवसांत दिसतं. त्यामुळे ‘आज काही नवीन घेतलं नाही’ हे उत्तर पुरत नाही, मागच्या दोन-तीन आठवड्यांचं आठवा. वरून लावलेलं काही असेल तर त्या ट्यूबचा फोटोच पाठवा, कारण नावं आठवत नाहीत आणि आठवली तरी चुकतात. लोकांना हे सांगायला संकोच वाटतो, कुणीतरी सुचवलं म्हणून लावलेलं असतं. पण ते लपवलंत तर मी अडकते. नायट्यावर स्टिरॉइडचं मलम लावलं की खाज कमी होते, लाली फिकी पडते, ओळखीची गोल कड मोडते आणि आत बुरशी मात्र वाढत राहते. असा नायटा फोटोत नायट्यासारखा दिसतच नाही. ‘दहा दिवस हे मलम लावलं, लावल्यावर बरं वाटतं, सोडलं की दुप्पट येतं’ हे वाक्य मिळालं तर मी त्या विस्कटलेल्या फोटोतही नायटा शोधते.

जागेबद्दल थोडक्यात. नुसतं ‘हातावर’ लिहू नका. दंड, कोपराची आतली घडी, कोपराचं हाड, कोपर ते मनगट, मनगट, तळहाताची मागची बाजू, यातलं काय ते लिहा आणि आतली बाजू की बाहेरची तेही सांगा. इसबाला कोपराची आतली घडी आवडते, सोरायसिसला कोपराचं हाड. बाहीच्या रेषेवर लाली एकदम थांबत असेल तर संशय उन्हावर जातो, घड्याळाच्या पट्ट्याच्या आकारात असेल तर पट्ट्यावर. डावा की उजवा हे शब्दांत लिहाच, कारण पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कित्येक फोन आरशासारखा उलटा साठवतात. आणि लिहिण्याआधी अंगावर एकदा नजर फिरवा: दुसरा हात, पाय, पोट, पाठ, तोंडाच्या आत. ‘बाकी कुठेही नाही, बघितलं’ हीसुद्धा माहिती आहे, आणि ‘बघितलं’ हा शब्द त्यात हवा.

फोटो किती आणि कसे, यावर लोक फार गोंधळतात. मला तीन लागतात. पहिला लांबून, ज्यात खांद्यापासून बोटांपर्यंत पूर्ण हात येईल. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात चट्टा आणि त्याच्या शेजारचा एखादा ओळखू येणारा भाग, म्हणजे कोपर किंवा मनगट, दोन्ही दिसतील. तिसरा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. जवळून म्हणजे अगदी नाकाला नाक लावून नव्हे. फोन फार जवळ नेला की फोकस सुटतो. वीतभर लांब धरा, पडद्यावर चट्ट्यावर बोट टेकवून फोकस घ्या आणि मग काढा. हात टेबलावर टेकवला तर हलत नाही. चट्टा उचललेला असेल तर आणखी एक फोटो उजेड एका बाजूने येईल असा काढा, म्हणजे सावली पडून उंचवटा दिसतो. सुंदर दिसण्यासाठीचे फिल्टर बंद ठेवा, ते त्वचा गुळगुळीत करून बारीक पुळ्या पुसून टाकतात. खाजवल्यावर किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच काढू नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आणि मेसेजिंग अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो.

तीनही फोटो का हवेत ते एका केसवरून सांगते. ती तुमच्यासारखीच कोपराच्या आतल्या बाजूची होती, म्हणून मुद्दाम निवडली. एका तरुणाचा एकच फोटो आला, अगदी जवळून काढलेला: लाल भाग, त्यावर बारीक फोड. सोबत मजकूर, ‘हातावर लाल झालंय, आग होते.’ एवढ्यावर माझ्या मनात चार गोष्टी होत्या: नागीण, भाजल्याची जखम, कशाच्या तरी स्पर्शाने उठलेलं इसब आणि कीटकाच्या विषाने आलेली दाह-पट्टी. नागिणीचा प्रश्न वेळेचाही असतो. तिची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेली चांगली, त्यामुळे ‘दोन दिवस बघू’ म्हणून सोडून देता येत नाही.

मी पूर्ण हाताचा फोटो मागितला, हात सरळ ठेवून एक आणि कोपरात वाकवून एक. लांबच्या फोटोत दिसलं की तो लाल भाग म्हणजे एक तिरपी पट्टी आहे, पुसल्यासारखी. आणि घडीच्या दुसऱ्या बाजूला, दंडाच्या टोकाशी, तशीच दुसरी लहान पट्टी आहे. हात वाकवला की दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बरोबर बसत होत्या. जवळच्या फोटोत हे येणं शक्यच नव्हतं.

मग प्रश्न विचारले. कधी दिसलं? काल सकाळी उठल्यावर. आधी त्या जागी दुखत होतं का? नाही. खाज की आग? आगच, खाज नावाला. फोड तेव्हाच होते? नाही, काल नुसती लाली होती, फोड आज आले. ताप? नाही. आदल्या रात्री किंवा त्याआधी कुठे होतात? तो म्हणाला, रात्री उशिरापर्यंत उघड्या खिडकीपाशी दिवा लावून वाचत बसलो होतो.

आता बघा कसं जुळतं. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात येते, बहुतेकदा आधी त्या जागी दुखतं किंवा झिणझिणतं, आणि फोड झुबक्यांनी असतात. घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचा छाप उठावा असं तिच्यात होत नाही. छाप उठतो तो वरून लागलेल्या द्रवाचा, कारण हात वाकवला की ओला भाग समोरच्या त्वचेला चिकटतो. भाजल्याची आग त्याच क्षणी कळली असती, हे सकाळी उठल्यावर दिसलं. स्पर्शाच्या इसबात खाज पुढे राहते. उरला तो दिव्याकडे येणारा एक लहानसा, सेंटिमीटरभरही लांब नसलेला, नारिंगी-काळा किडा, पेडेरस. तो चावत नाही. अंगावर बसल्यावर नकळत चिरडला गेला की त्याच्या अंगातलं विषारी रसायन त्वचेवर पसरतं, साधारण दिवसभरात लाली येते आणि पुढे फोड. म्हणूनच पट्टी पुसल्यासारखी दिसते आणि म्हणूनच चावल्याची खूण कुठे सापडत नाही. त्या तरुणाला साबणपाण्याने जागा धुवायला, तो हात डोळ्यांना न लावायला सांगितलं आणि सौम्य उपचार दिले. दोन आठवड्यांत पट्टी सुकली, मागे काही दिवस गडद डाग राहिला.

तुमचंही हेच आहे असं मी म्हणत नाही. कोपराच्या घडीत इसब याच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, आणि घामाने उठणारं पुरळही. तुम्ही खाज की आग, सपाट की उचललेलं, काल केवढं नि आज केवढं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे मीही इथून काही सांगू शकत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी जे उत्तर दिलं ते बरोबरच होतं.

लिहायचं कसं, तर मोठा निबंध नको. समजा चट्टा कोरडा आणि खाजणारा आहे, तर मजकूर साधारण असा होईल:

‘वय ३४. डाव्या कोपराच्या आतल्या घडीत एक चट्टा, सुमारे ४ सेंटिमीटर लांब, २ रुंद. शनिवारी सकाळी पहिल्यांदा दिसला, तेव्हा नखाएवढा होता, आज बुधवार. तोच चट्टा वाढलाय, जाऊन-येऊन नाही. भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद तांबूस. बोटाला किंचित उचललेला आणि खरखरीत लागतो, थोडा कोंडा सुटतो, पाणी किंवा पू नाही. पेला दाबल्यावर रंग जातो, परत येतो. गरम लागत नाही. खाज आहे, रात्री जास्त. दुखत नाही. उजवा हात, पाय, अंग, तोंड बघितलं, दुसरीकडे कुठे नाही. ताप नाही. घरात कुणाला नाही. लहानपणी याच जागी असं व्हायचं. तीन दिवस एक मलम लावलं, ट्यूबचा फोटो जोडलाय, आज लावलेलं नाही. पोटात घेण्याचं नवीन औषध गेल्या महिन्यात नाही. मधुमेह नाही. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्याचं माहीत नाही.’

हे वाचायला मिनिटही लागत नाही. यात चट्ट्यासाठी एकही वैद्यकीय शब्द नाही आणि त्याला कोणत्याही रोगाचं नाव दिलेलं नाही, ते तसंच ठेवा. ‘मला फंगल इन्फेक्शन झालंय’ अशी सुरुवात झाली की वर्णनही नकळत त्याच बाजूने झुकतं आणि जे त्यात बसत नाही ते गाळलं जातं. तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते शेवटी वेगळ्या वाक्यात जरूर विचारा. ‘सोरायसिस तर नाही ना, वडिलांना आहे’ हे मला हवंच असतं, पण निरीक्षण आणि शंका वेगवेगळी असू द्या. गर्भारपण असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर तेही लिहा, त्याने निदान आणि औषध दोन्ही बदलतं.

काही वेळा मात्र वर्णन लिहीत बसायचंच नाही. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतोय, श्वास घ्यायला जड जातंय. लालीबरोबर थंडी-ताप आहे आणि ती तासातासाला पसरतेय, किंवा चट्ट्यापासून काखेकडे लाल रेघ चढतेय. दिसतंय त्या मानाने दुखणं फारच जास्त आहे. नवीन औषधानंतर पुरळाबरोबर तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगाजवळ फोड किंवा जखमा आल्यात, किंवा त्वचा सोलवटतेय. आणि ताप असताना पेल्याखाली न विरणारे ठिपके, ते वर आलंच. यातलं काहीही असेल तर लगेच इस्पितळात जा, फोटो वाटेत पाठवा.

डॉक्टरांनी काही दिवस थांबायला किंवा औषध लावून बघायला सांगितलं, तर पुढचा फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, तेवढ्याच अंतरावरून आणि मोजपट्टी ठेवून काढा. नाहीतर उजेड बदलला म्हणून चट्टा बरा झाल्यासारखा दिसतो, किंवा बिघडल्यासारखा. त्याच्यासोबत तीनच गोष्टी लिहा: आकार केवढा झाला, खाज किंवा दुखणं कमी की जास्त, आणि औषध खरोखर किती वेळा लावलं.